बाबा गोळ्या घेत नाहीत, ते माझ्या कंट्रोलमध्ये नाही, मग सोडून देऊ का?

वाचकाचं पत्र (नाव, गाव दिलेलं नाही):

ताई, मी ३६ वर्षांचा, पुण्यात नोकरी करतो. बाबा ६९, आईबरोबर गावी असतात. त्यांना बरीच वर्षं शुगर आहे. गोळ्या चुकवतात, चहात साखर घालून घेतात, विचारलं की सरळ खोटं बोलतात. मी रोज फोन करायचो आणि रोज भांडण व्हायचं. मग रील्समधून स्टोइक लोकांचं कळलं, की जे आपल्या कंट्रोलमध्ये नाही ते सोडून द्यायचं. मी वहीत दोन कॉलम केले, बाबांची तब्येत दुसऱ्या कॉलममध्ये टाकली आणि फोन करणं जवळजवळ बंद केलं. भांडणं थांबली. पण बायको म्हणते तू दगड झालायस. आणि आईचा फोन वाजला की अजूनही छातीत धस्स होतं. म्हणजे मला हे जमलंच नाही का? नक्की कुठे चुकतंय?

उत्तर:

मित्रा, दोन कॉलम करण्याची कल्पना चांगलीच आहे, आणि ती रीलवाल्यांची नाही, जवळपास १९०० वर्षं जुनी आहे. फक्त तुझ्यापर्यंत तिचा अर्धाच भाग पोचलाय, म्हणून आधी ती कुठून आली ते बघू.

ही विभागणी ज्याच्यामुळे प्रसिद्ध झाली तो एपिक्टेटस, स्टोइक नावाच्या जुन्या ग्रीक-रोमन तत्त्वज्ञांच्या पंथातला. जन्म साधारण इसवी सन ५० च्या आसपासचा, आजच्या तुर्कस्तानातल्या हिएरापोलिसचा, आणि तो गुलाम होता. रोममध्ये एपाफ्रोडिटस नावाच्या बड्या माणसाच्या घरी, जो स्वतः आधी गुलाम होता आणि नंतर नीरो बादशहाच्या दरबारात मोठ्या पदावर गेला. एपिक्टेटस एका पायाने अधू होता. पुढे त्याला मुक्त केलं गेलं, तो शिकवायला लागला, मग डोमिशियन बादशहाने रोममधल्या तत्त्वज्ञांना हाकलून लावलं तेव्हा ग्रीसमधल्या निकोपोलिसला जाऊन त्याने शाळा काढली. त्याने स्वतः लिहिलेलं काही आपल्यापर्यंत आलेलं नाही, एरियन नावाच्या विद्यार्थ्याने त्याची प्रवचनं उतरवून घेतली आणि त्यातूनच एक छोटी पुस्तिका केली, तिचं नाव 'एन्कायरिडियन'. तू जी दोन कॉलमची गोष्ट म्हणतोस ती या पुस्तिकेच्या पहिल्याच वाक्यात आहे: काही गोष्टी आपल्या हातातल्या असतात, काही नसतात.

आता तो कुठे काय टाकतो ते नीट बघ. हातातल्या गोष्टींमध्ये तो घालतो आपली मतं, आपली करण्याची प्रेरणा, आपल्याला काय हवंसं वाटतं आणि काय नकोसं वाटतं. हातात नसलेल्यांमध्ये पैसा, नाव, अधिकारपद, आणि आपलं स्वतःचं शरीर! दुसऱ्याचं नाही, स्वतःचं. म्हणजे त्याच्या हिशेबाने बाबांची शुगर बाबांच्याही पूर्ण ताब्यात नाही, आणि तुझ्या तर नाहीच. तिथपर्यंत तुझी वही बरोबर आहे.

पण यापुढे तू जी उडी मारलीस ना, की हातात नाही म्हणजे माझं काम संपलं, ती एपिक्टेटसने कुठेच मारलेली नाही. त्याचं एक छोटं वाक्य आहे, मला ते पहिल्या वाक्याइतकंच महत्त्वाचं वाटतं: समोर आलेल्या गोष्टीत भलंबुरं नसतं, पण ती आपण कशी हाताळतो त्यात असतं. आणि तो उदाहरण देतो फाशांच्या खेळाचं. कुठलं दान पडेल ते मला कसं कळणार, पण जे पडलंय ते काळजीपूर्वक आणि नीट खेळणं हे माझं काम. बघ, दान हातात नाही म्हणून तो पट सोडून उठत नाहीये. बाबांची शुगर, त्यांचा हट्टी स्वभाव, तू पुण्यात आणि ते गावी, हे पडलेलं दान. ते तू कसं खेळतोस हा सगळा भाग तुझ्या पहिल्या कॉलममध्ये यायला हवा होता आणि वहीत तो कुठे दिसतच नाही. मला वाटतं चूक इथे आहे. तू रेघ माणसांच्या मधून मारलीस, बाबा इकडे आणि मी तिकडे. ती रेघ खरं तर प्रत्येक प्रसंगाच्या आतून जाते. एकाच फोनमध्ये काही भाग तुझा असतो आणि काही अजिबात नसतो.

तुझ्या पत्रासाठी मला त्याच्या प्रवचनातला एक प्रसंग सांगायचाय, कारण तो वाचताना सारखा तूच डोळ्यासमोर येत होतास. एक सरकारी अधिकारी एपिक्टेटसकडे येतो. घरचं कसं चाललंय विचारल्यावर म्हणतो, वाईट, परवा माझी लहान मुलगी इतकी आजारी होती की मला तिथे थांबवेना, मी घरातून निघूनच गेलो आणि ती बरी झाल्याचा निरोप आल्यावर परत आलो. एपिक्टेटस विचारतो, हे तुला योग्य वाटतं का? तो म्हणतो, बापाच्या मायेपोटी झालं हो, सगळ्याच बापांचं असं होतं. मग एपिक्टेटस एकेक प्रश्न विचारत जातो. मुलीच्या आईचं तिच्यावर प्रेम आहे का? आहे. मग आईनेही जायला हवं होतं का? नाही. दाईचं प्रेम आहे? मग तिनेही जावं? म्हणजे तुम्हा सगळ्यांच्या इतक्या प्रेमामुळे ती पोर एकटी पडली असती, नाहीतर ज्यांना तिची माया नाही अशांच्या हातात राहिली असती. आणि उद्या तू आजारी पडलास तर तुझ्या माणसांनी तुझ्यावर इतकं प्रेम करावं का की तुला एकट्याला टाकून जावं?

मुलीचं आजारपण त्या बापाच्या हातात नव्हतंच, आणि एपिक्टेटसला ते पक्कं माहीत होतं. तरीही तो 'हातात नव्हतं ना, मग बरं केलंस, शांत राहिलास' असं म्हणत नाही. तो म्हणतो तू पळालास ते मायेमुळे नाही, तुझ्या मतामुळे, 'मला हे बघवणार नाही' या मतामुळे, आणि मत ही तुझ्या हातातली गोष्ट होती.

म्हणून तुला एक प्रश्न विचारते, रागावू नकोस. फोन बंद केल्यावर जी शांतता आली ती कशामुळे आली? बाबांकडे बघायची नजर बदलली म्हणून, की बाबा दिसेनासे झाले म्हणून? आजूबाजूला असं बरंच दिसतं, माणसं नातेवाईकांशी बोलणं तोडतात आणि त्याला स्टोइक म्हणतात. कळायला एक सोपी खूण आहे. खरी शांतता आली असेल तर त्या माणसाशी वागणं आधीपेक्षा सोपं होतं, आपण जास्त वेळ थांबू शकतो, कमी चिडतो. पळ काढलेला असेल तर तो माणूस समोर आला किंवा त्याचं नाव स्क्रीनवर दिसलं की सगळं होतं तसंच उसळून येतं. तुझं दुसरं होतंय असं तुझ्या पत्रावरून वाटतं. बायकोचा शब्द कठोर असेल पण तिने बघितलंय ते खरं असावं.

आता छातीतल्या धस्स बद्दल, कारण तू त्याला नापास झाल्याची खूण समजतोयस आणि ते अजिबात तसं नाही. ऑलस गेलियस नावाच्या रोमन लेखकाने एक बोटीचा प्रवास लिहून ठेवलाय. ग्रीसकडून इटलीला जाताना भर समुद्रात वादळ झालं, आणि त्याच बोटीवर एक नावाजलेला स्टोइक शिक्षक होता. सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे, आणि तोसुद्धा बाकीच्यांसारखाच पांढराफटक पडलेला. फक्त रडारड करत नव्हता. वादळ शमल्यावर एका श्रीमंत प्रवाशाने टोमणा मारला, काय हो, तुम्ही पण घाबरलात की. नंतर गेलियसने आदराने विचारलं तेव्हा त्या शिक्षकाने पिशवीतून एपिक्टेटसच्या प्रवचनांचा पाचवा भाग काढून दाखवला. (तो भाग आज उपलब्ध नाही, आठपैकी चारच उरलेत, म्हणून गेलियसने हे लिहून ठेवलं हे आपलं नशीब.) त्यात म्हटलं होतं की मोठा आवाज झाला, अचानक वाईट बातमी आली, तर शहाण्यातला शहाणा माणूससुद्धा क्षणभर हलतो, रंग उडतो, कारण तो पहिला धक्का मनावर आपल्या परवानगीशिवाय येतो. फरक पुढच्या पायरीवर आहे. शहाणा माणूस त्या धक्क्याच्या बोलण्याला 'हो' म्हणत नाही.

म्हणजे धस्स होणं दुसऱ्या कॉलममध्ये! ते थांबवायचा प्रयत्नच करू नकोस. धस्स झाल्यावर मन जे बोलतं, 'झालं, बाबांना काहीतरी झालं, आणि माझ्यामुळेच झालं', त्या वाक्यावर सही करायची की नाही तेवढं तुझं. त्यासाठी एपिक्टेटसने एक वाक्य मुद्दाम पाठ करायला दिलंय, मनात आलेल्या प्रत्येक भयंकर चित्राला म्हणायचं: तू फक्त एक चित्र आहेस, तू दिसतोयस तसं असशीलच असं नाही. हे शांत बसल्यावर वाचायला सोपं वाटतं पण फोन वाजत असताना आठवत नाही, म्हणून साध्या प्रसंगांवर सराव करायला तो सांगतो. तेल सांडलं, घरातली छोटी वस्तू चोरीला गेली, अशांवर. तू ट्रॅफिकमध्ये कर, ऑफिसच्या मेलवर कर. सरळ बाबांपासून सुरुवात करू नकोस, तो तुझा सगळ्यात अवघड पेपर आहे.

अजून एक गोष्ट तू पत्रात गृहीत धरलीयस, की बाबा 'सरळ खोटं बोलतात' आणि 'गोळ्या चुकवतात' म्हणजे त्यांना कशाची पर्वा नाही. एन्कायरिडियनचं ४५ वं प्रकरण अगदी चार ओळींचं आहे आणि माझ्या मते नवशिक्याने तिथूनच सुरुवात करावी. कोणी भराभर आंघोळ करतो, तर वाईट आंघोळ करतो म्हणू नका, भराभर करतो म्हणा. कोणी खूप वाईन पितो, तर वाईट पितो म्हणू नका, खूप पितो म्हणा. कारण त्याच्या मनात काय विचार आहे ते कळेपर्यंत ते वाईट हे तुम्ही ठरवलं कशावरून?

हे तुझ्या घराला लावून बघ. 'बाबांनी सकाळची गोळी घेतली नाही', हे घडलं. 'बाबांना माझी किंमत नाही', हे तू जोडलंस. आणि जोडलेल्या भागामुळेच आवाज चढतो. बरं, गोळी न घेण्याची कारणं कितीतरी असू शकतात. शुगरच्या काही गोळ्यांनी पोट बिघडतं, काहींनी शुगर जास्त खाली गेली तर थरथरतं, घाम येतो, चक्कर येते, आणि असं एकदा शेतात किंवा बाजारात झालं की म्हातारा माणूस ती गोळी गुपचूप बंद करतो आणि कोणाला सांगत नाही. कधी पाकिटावरचं वाचता येत नाही. कधी नुसता कंटाळा. आणि खोटं बोलण्याचं कारण तर बरेचदा एवढंच असतं की खरं सांगितलं तर ओरडा बसतो, मुलाचा. यातलं बाबांचं कुठलं ते मला माहीत नाही, पण मित्रा, तुलाही ते माहीत आहे असं तुझ्या पत्रावरून वाटत नाही. तू किती वेळा विचारलंस 'घेतली का', आणि 'का घेत नाही' हे खरंच उत्तर ऐकायचं म्हणून कधी विचारलंस का?

आता प्रत्यक्ष करायचं काय. स्टोइक लोकांचा एक तिरंदाज आहे, रोमन लेखक सिसेरोने इसवी सनापूर्वी ४५ मध्ये लिहिलेल्या एका संवादात तो येतो. तिरंदाज नेम धरण्यासाठी शक्य ते सगळं करतो, धनुष्य, पवित्रा, नजर, सगळं. तेवढं नीट करणं हेच त्याचं ध्येय. बाण लागणं त्याला हवं असतंच, पण बाण सुटल्यावर वारा आला, सावज हललं, तर तो वाईट तिरंदाज ठरत नाही. इथे 'हवं असणं' विसरू नकोस. स्टोइक लोक तब्येतीला कवडीमोल म्हणत नाहीत, मिळत असेल तर ती निवडावी असंच सांगतात, फक्त आपलं सगळं बरंवाईट तिच्यावर टांगू नये म्हणतात. त्यामुळे बाबांची शुगर आटोक्यात यावी असं तुला वाटणं अजिबात चूक नाही.

तू आतापर्यंत प्रत्येक फोनचं ध्येय ठेवत होतास 'बाबांनी गोळी घेतली पाहिजे'. हे ध्येय बाणाच्या पलीकडचं आहे, त्यामुळे रोज हरणार हे ठरलेलंच, आणि रोज हरणारा माणूस एक तर ओरडतो नाहीतर फोन बंद करतो. तू दोन्ही केलंस. ध्येय असं ठेवून बघ: आज मी दहा मिनिटं न ओरडता बोलेन आणि एक खरा प्रश्न विचारेन. हे पूर्ण तुझ्या हातात आहे, बाबा काहीही बोलले तरी.

एपिक्टेटसचा एक छोटा सराव इथे चपखल बसतो. तो म्हणतो सार्वजनिक स्नानगृहात जायला निघालात तर आधीच डोळ्यासमोर आणा की तिथे पाणी उडवणारे असतात, ढकलणारे असतात, शिव्या देणारे, चोरणारे असतात, आणि स्वतःला सांगा, मला आंघोळही करायचीय आणि मन ताळ्यावरही ठेवायचंय. तसं फोन लावायच्या आधी अर्धा मिनिट थांब. बाबा म्हणतील 'घेतली'. मागून आई म्हणेल 'कुठे घेतली'. बाबा चिडतील, विषय पावसावर नेतील. हे होणारच आहे. मला बोलायचंही आहे आणि डोकं ठिकाणावर पण ठेवायचंय. मग 'गोळी घेतली का' ने सुरुवातच करू नकोस. 'बाबा, ती सकाळची गोळी घेतल्यावर तुम्हाला काही त्रास होतो का' असं विचार, आणि ते काही म्हणाले तर मध्ये बोलू नकोस. त्रास होतो म्हणाले तर ते डॉक्टरांना सांगायचं काम तू अंगावर घे. गोळी बदलणं किंवा बंद करणं डॉक्टरांचं, तुझं नाही आणि बाबांचंही नाही. काहीच नाही म्हणाले, उडवून लावलं, तरी तुझा बाण नीट सुटला. फोन ठेवल्यावर राग येईलच, येऊ दे, त्यावर उलट फोन लावू नकोस म्हणजे झालं.

रोज फोनची गरज नाही असं मला वाटतं, आठवड्यातून दोनदा पुरे, पण ठरलेल्या दिवशी. आणि त्यातल्या एका फोनवर शुगरचा विषय अजिबात काढायचा नाही. मोजमापासाठी एचबीए१सी ही टेस्ट आहे, ती साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, त्यामुळे रोजच्या चहातल्या साखरेवर पहारा ठेवून काही हाती लागत नाही. डॉक्टर सांगतील तेव्हा ती करायची, त्या दिवशी तू सुट्टी काढून गावी जायचं, रिपोर्ट घेऊन बाबांबरोबर डॉक्टरसमोर बसायचं. पायाला जखम, नजर अंधूक होणं असं काही असेल तर मात्र तारखेची वाट बघू नका, लगेच दाखवा. हे सगळं पहिल्या कॉलममधलं आहे. सुट्टी, एसटीचं किंवा गाडीचं जाणं, डॉक्टरांची वेळ घेणं, आईला स्वयंपाकात काय अडचण येते ते विचारणं. बघ, किती निघालं.

हे सगळं मनापासून केलंस आणि तरी बाबांनी ऐकलं नाही, असंही होऊ शकतं. मी तुला खोटी आशा देणार नाही. ते मोठे आहेत, डोकं ठिकाणावर आहे, त्यांचं शरीर त्यांचं आहे. सेनेका, जो रोममधला दुसरा मोठा स्टोइक, तो सांगतो की कुठलाही बेत करताना मनात एक पुरवणी जोडावी: मी समुद्रप्रवासाला निघेन, मध्ये काही आलं नाही तर. बाबांना जपेन, आणि त्यांनी नाही जपू दिलं तर तेही सोसेन. 'सोडून द्यायचं' ते इथे येतं, सगळं करून झाल्यावर. रील्समध्ये ते सगळ्यात आधी येतं आणि तिथेच गडबड होते.

आणि हे होणं कठीण वाटेल तेव्हा एन्कायरिडियनचं ४३ वं प्रकरण वाच. प्रत्येक गोष्टीला दोन कड्या असतात, एकीने ती उचलता येते, दुसरीने येत नाही. एपिक्टेटस भावाचं उदाहरण घेतो. भाऊ तुझ्याशी वाईट वागला तर 'तो वाईट वागला' या कडीने धरू नको, त्या कडीने ते उचललं जाणार नाही. तो भाऊ आहे, आपण एकत्र वाढलो, या कडीने धर. तुझ्याकडे 'बाबा खोटं बोलतात' ही एक कडी आहे आणि ती धरून तू थकलायस. दुसरी कुठली ते मी इथून सांगू शकत नाही, ते घर तुझं आहे. कदाचित बायकोला माहीत असेल, तिला विचार.

बाकीच्या वाचकांसाठी एक सांगायलाच हवं, कारण अशी पत्रं आली की मला काळजी वाटते. ज्या घरात मारहाण आहे, धमक्या आहेत, तिथे 'समोरच्याचं वागणं माझ्या हातात नाही, म्हणून सहन करते' असा याचा अर्थ कृपा करून लावू नका. मदत मागणं, तिथून बाहेर पडणं, तक्रार करणं हे सगळं तुमच्या हातातल्या बाजूचं आहे. तसंच कित्येक आठवडे झोप नाही, कशातच मन नाही असं असेल तर पुस्तिका वाचून स्वतःला दोष देत बसू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. तिथल्या काही उपचारपद्धती याच विचारांवर उभ्या आहेत. त्या पद्धती घडवणाऱ्या अल्बर्ट एलिस आणि आरन बेक या दोघांनीही स्टोइकांचं ऋण मान्य केलेलं आहे, विशेषतः एन्कायरिडियनच्या पाचव्या प्रकरणातल्या वाक्याचं: माणसाला घटना अस्वस्थ करत नाहीत, घटनांबद्दलची त्याची मतं करतात.

वाचायचं असेल तर एन्कायरिडियन ५३ छोट्या प्रकरणांची आहे, एका बैठकीत संपते पण तशी वाचू नकोस. ४५, ४३, ५ आणि मग १, या क्रमाने घे, आणि प्रवचनांमधलं पहिल्या भागातलं अकरावं, आजारी मुलीचं, ते बायकोबरोबर बसून वाच. गावी जाऊन आलास की कळव, बाबा काय म्हणाले ते.